कॉल तुटतो, पण आकड्यात दिसत नाही: सोलापूरकर ग्राहकाने तक्रार कशी बांधावी

अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमच्या ओळखीच्या एका अण्णांचा यंत्रमागाचा कारखाना आहे. चादरी आणि टॉवेल. संध्याकाळी सहा ते नऊ या वेळात त्यांचे सुताच्या व्यापाऱ्यांशी आणि परगावच्या दुकानदारांशी फोन चालतात, आणि नेमके तेव्हाच कॉल तुटतात. त्यांनी कंपनीला फोन करून सांगितलं, "रेंज येत नाही." तिसऱ्या दिवशी मेसेज आला की आपल्या भागातलं नेटवर्क तपासलं, ते ठरवून दिलेल्या निकषांत आहे, तक्रार बंद केली आहे. अण्णा चिडले. मला म्हणाले, "तू इतकी वर्षं टॉवरच्या कामात होतास, हे खोटं बोलतायत की नाही सांग."

मी त्यांना सांगितलं की कंपनी बहुधा खोटं बोलत नाहीये. तुमचाही शब्द खरा आहे आणि त्यांचा आकडाही खरा असू शकतो. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, हे समजलं की तक्रार कुठे आणि कोणत्या शब्दांत करायची ते आपोआप कळतं. हा लेख त्यासाठीच आहे.

कंपनी नक्की काय मोजते

कॉल ड्रॉपचं प्रमाण म्हणजे एकदा जोडले गेलेले, पण कोणी न कापता मध्येच तुटलेले कॉल भागिले जोडले गेलेले एकूण कॉल, गुणिले शंभर. हे मोजायला कोणी माणूस बसत नाही. टॉवरवरच्या प्रत्येक सेलची यंत्रणा स्वतःच मोजत असते. सेल म्हणजे टॉवरच्या एका दिशेला तोंड करून लावलेल्या अँटेनाचा इलाका. एका टॉवरवर साधारण तीन दिशांना तीन असतात, आणि कंपनीकडे चार-पाच फ्रिक्वेन्सी असतील तर सेलची संख्या त्याच पटीत वाढते. प्रत्येक सेलमध्ये मोजणीचे काउंटर असतात. कॉल जोडला की एक काउंटर वाढतो, अनपेक्षितपणे तुटला की दुसरा.

आता या व्याख्येतले शब्द नीट बघा. "जोडले गेलेले" म्हटल्यामुळे जो कॉल लागलाच नाही तो यात येत नाही. नंबर फिरवल्यावर नुसती टूं-टूं वाजली किंवा "नेटवर्क व्यस्त आहे" ऐकू आलं, तर ते कॉल जोडण्याच्या यशाच्या वेगळ्या निकषात जातं. "कोणी न कापता" म्हटल्यामुळे त्याहून मोठी गोष्ट घडते. समोरच्याचा आवाज येणं बंद झालं, तुम्ही पाच सेकंद "हॅलो, हॅलो" केलं आणि वैतागून लाल बटण दाबलं, तर यंत्रणेच्या लेखी तो कॉल व्यवस्थित संपला. ग्राहकाने स्वतः कापला, विषय संपला.

जुन्या २जी नेटवर्कमध्ये हे फार स्पष्ट दिसायचं. संपर्क तुटल्यावर फोनने किती वेळ वाट बघायची, हे कंपनीच ठरवते. त्या सेटिंगला रेडिओ लिंक टाइमआउट म्हणतात. ती चारच्या पटीत, चारपासून चौसष्टपर्यंत ठेवता येते आणि एक पायरी सुमारे अर्ध्या सेकंदाची असते. सोळा ठेवली तर संपर्क पूर्ण गेल्यावर आठ सेकंदांच्या आत कॉल तुटतो आणि ड्रॉप म्हणून नोंदला जातो. चौसष्ट ठेवली तर तीस सेकंदांपर्यंत कॉल नुसता मुका राहतो. तीस सेकंद मुक्या फोनवर कोण थांबतं? माणूस आधीच कापतो, आणि ड्रॉपचा आकडा खाली राहतो. नियामकाने, म्हणजे ट्रायने, या सेटिंगकडे लक्ष वेधलं होतं ते याच कारणाने. ४जीवरच्या कॉलची, म्हणजे व्होल्टीची यंत्रणा वेगळी आहे, पण मुके कॉल तिथेही होतात. म्हणून २०१८ मध्ये ट्रायने त्यासाठी वेगळा निकष आणला: आवाज ज्या छोट्या तुकड्यांत पाठवला जातो ती पाकिटं जाताना किंवा येताना हरवण्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आत हवं.

यातून पहिली कामाची गोष्ट निघते. तक्रारीसाठी पुरावा गोळा करत असाल, तर आवाज गेल्यावर लगेच फोन कापू नका. शक्य असेल तेव्हा तो आपोआप तुटेपर्यंत थांबा. तुमचा तुटलेला कॉल सेलच्या काउंटरमध्ये उमटला पाहिजे. नाहीतर तुमच्या वहीत "तुटला" असतं आणि त्यांच्या संगणकात काहीच नसतं.

दोन टक्के कोणाचे?

२००९ च्या नियमात निकष सोपा होता: परवाना क्षेत्राची सरासरी दोन टक्के किंवा कमी. आपलं परवाना क्षेत्र महाराष्ट्र सर्कल आहे. त्यात सोलापूर आहे, पुणे आहे, नागपूर आहे, गडचिरोली आहे आणि गोवाही आहे. मुंबईचं सर्कल वेगळं. एवढ्या पसाऱ्याच्या सरासरीत अण्णांच्या कारखान्यासमोरचा एक सेल म्हणजे हुतात्मा एक्स्प्रेसमधला एक प्रवासी. त्याचं काय होतंय हे सरासरीत दिसणारच नाही.

म्हणून ऑक्टोबर २०१७ पासून ट्रायने पद्धत बदलली. नवीन माप असं: नव्वद टक्के सेलनी, नव्वद टक्के दिवस, दोन टक्क्यांच्या आत राहायला हवं. हे डोक्यात बसावं म्हणून शंभर सेलचं छोटं नेटवर्क धरू आणि तीस दिवस घेऊ. प्रत्येक सेलचे तीस दिवसांचे ड्रॉपचे आकडे चढत्या क्रमाने मांडायचे आणि सत्ताविसावा आकडा उचलायचा. म्हणजे त्या सेलचे सगळ्यात वाईट तीन दिवस सोडून दिले. मग शंभर सेलचे असे शंभर आकडे पुन्हा चढत्या क्रमाने मांडायचे आणि नव्वदावा बघायचा. तो दोन टक्क्यांच्या आत असेल तर कंपनी पास. सोबत दुसरं माप गर्दीच्या तासाचं आहे: नव्वद टक्के दिवस, सत्त्याण्णव टक्के सेल तीन टक्क्यांच्या आत.

ही पद्धत जुन्या सरासरीपेक्षा पुष्कळ चांगली आहे, कारण सरासरीत चांगल्या सेलच्या आड वाईट लपत होते. पण आपल्या दृष्टीने यातलं महत्त्वाचं वाक्य उलट बाजूचं आहे. शंभरातले दहा सेल महिनाभर बारा टक्के कॉल तोडत राहिले, तरी पहिल्या मापात कंपनी पास होऊ शकते. तुमचा सेल त्या दहांत असेल, तर "आमचं नेटवर्क निकषांत आहे" हे उत्तर शब्दशः खरं असतं आणि तुमच्यासाठी निरुपयोगी असतं.

शिवाय सेलच्या पातळीवरही एका माणसाचा त्रास विरघळतो. समजा एका सेलवर दिवसात १,२०० कॉल जोडले गेले आणि १८ तुटले. दीड टक्का, निकषात. त्यातले संध्याकाळच्या दोन तासांत ३०० कॉल आणि १२ ड्रॉप असतील, तर त्या वेळेचं प्रमाण चार टक्के होतं. आणि त्या वेळात अण्णांनी दहा कॉल केले व त्या बारातले सहा त्यांचेच असतील, तर अण्णांच्या दहा कॉलमागे सहा तुटले. अजून एक बारीक गोष्ट: कॉल तुटल्यावर अण्णा लगेच परत लावतात. तो परत लावलेला कॉल "जोडले गेलेले" या खात्यात जमा होतो, म्हणजे भागाकारातली खालची संख्या वाढते. जितक्या चिकाटीने तुम्ही परत फोन लावता, तितका टक्का थोडा खालीच येतो.

ऑक्टोबर २०२४ पासून नवे नियम लागू झाले. तिमाही तपासणीऐवजी १ एप्रिल २०२५ पासून मासिक तपासणीकडे जायचं ठरलं, आणि कंपन्यांनी २जी, ३जी, ४जी, ५जी कुठे कुठे मिळतं याचे नकाशे आपल्या संकेतस्थळावर टाकणं बंधनकारक झालं. निकष मोडल्यास कंपनीला लाखांत दंड आहे. पण तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खात्यात येत नाही. एकदा तसा प्रयत्न झाला होता. ट्रायने ऑक्टोबर २०१५ मध्ये नियम केला की प्रत्येक तुटलेल्या कॉलमागे ग्राहकाला एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये द्यायचे. मे २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यातलं एक कारण आपल्या विषयाशी थेट जोडलेलं आहे: दोन टक्के ड्रॉप चालतील असं नियमच म्हणत असताना प्रत्येक ड्रॉपला भरपाई कशी लावता? त्यामुळे "माझे पैसे परत द्या" म्हणून केलेली कॉल ड्रॉपची तक्रार कुठेच पोचत नाही. "या ठिकाणचा हा दोष दुरुस्त करा" म्हणून केलेली पोचते.

एक वेगळी तरतूद मात्र माहीत असू द्या. संपूर्ण जिल्ह्यात सेवा चोवीस तासांपेक्षा जास्त बंद राहिली, तर पोस्टपेडला बिलात सूट आणि प्रीपेडला मुदतवाढ द्यावी लागते. हा नियम नव्या २०२४ च्या नियमावलीतला आहे. नैसर्गिक आपत्ती त्यातून वगळली आहे, आणि तुटणाऱ्या कॉलशी त्याचा संबंध नाही.

सात दिवसांची वही

अण्णांना मी साधी शंभर पानी वही घ्यायला सांगितली. प्रत्येक त्रासदायक कॉलची एक ओळ: तारीख, वेळ मिनिटापर्यंत, कुठे उभे होतो, कोणत्या नंबरशी बोलत होतो, आणि काय झालं. काय झालं याचे तीनच प्रकार: आपोआप तुटला, आवाज गेला आणि आम्ही कापला, लागलाच नाही. चांगले झालेले कॉल फक्त मोजायचे. मिनिटापर्यंत वेळ लिहिण्याचं कारण असं की इंजिनिअर त्या वेळची नोंद तुमच्या नंबरवरून शोधू शकतो. "रोज संध्याकाळी" असं लिहिलं तर तो काहीही शोधू शकत नाही.

"कुठे उभे होतो" हा रकाना सगळ्यात महत्त्वाचा ठरला. कारखान्याचं छत पत्र्याचं आहे, भिंतींनाही बऱ्याच ठिकाणी पत्राच आहे. पत्रा रेडिओ लहरी आत येऊ देत नाही. अँड्रॉइड फोनमध्ये सेटिंगमधल्या `About phone` मध्ये `SIM status` उघडलं की `Signal strength` दिसते. ती उणे आकड्यात असते आणि शून्याच्या जवळ जितकी तितकी चांगली. ४जीवर उणे ९० च्या आसपास ठीक, उणे ११० च्या पुढे अवघड, उणे १२० म्हणजे काठावर. अण्णांच्या मागच्या बाजूच्या मागाजवळ उणे ११८ होती आणि फाटकाबाहेर रस्त्यावर उणे ९२. बऱ्याच फोनवर डायलरमध्ये `*#*#4636*#*#` टाकलं की चाचणीचा पडदा उघडतो आणि काही फोनवर त्यात सेलचा ओळख क्रमांकही दिसतो. दिसला तर वहीत उतरवा, नाही दिसला तर अडत नाही.

सात दिवसांनी वहीत असं होतं: एकूण ४१ कॉल, १७ त्रासाचे. नऊ आपोआप तुटले, पाच मुके होऊन कापले, तीन लागलेच नाहीत. जोडले गेलेले ३८, त्यातले नऊ तुटले, म्हणजे सुमारे चोवीस टक्के. सतरापैकी बारा पत्र्याच्या आत, पाच फाटकाजवळ.

बारा कॉलच्या भरवशावर तक्रार केली असती, तर कंपनीने इमारतीमुळे सिग्नल आत येत नाही असं सांगितलं असतं, आणि ते चूक ठरलं नसतं. निकष नेटवर्कचे आहेत, तुमच्या छताखालच्या सिग्नलची हमी त्यात नाही. ट्रायच्या वतीने गाडीतून नेटवर्क तपासतात तेसुद्धा रस्त्यावरून फिरतात, कारखान्यात शिरत नाहीत. पण फाटकाजवळ उणे ९२ सिग्नल असताना कॉल तुटणं हे वेगळं प्रकरण आहे. सिग्नल चांगला आणि तरी ड्रॉप, म्हणजे दोष सिग्नलच्या कमतरतेत नसून दुसरीकडे आहे.

मग ते निश्चित करायला तीन संध्याकाळी, सात ते आठच्या दरम्यान, फाटकाबाहेर उभं राहून दहा चाचणी कॉल केले, प्रत्येकी दोन मिनिटांचे. चार तुटले. त्याच जागी त्याच कंपनीचं सिम असलेल्या मुलाच्या फोनवरून केले, त्यातलेही तुटले. म्हणजे फोन किंवा सिम खराब असल्याचा मुद्दा संपला. ही दुसऱ्या फोनची चाचणी वगळू नका, कारण ग्राहक सेवा केंद्र पहिल्यांदा "फोन बंद करून चालू करा" हेच सांगतं आणि तिथेच वेळ जातो.

हे सगळं करताना दिवसही बघा. गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानाच्या आसपास किंवा पंढरपूरला आषाढीत कॉल लागत नसतील, तर तो गर्दीचा प्रश्न आहे. वीज गेल्यानंतर दोन-तीन तासांनी त्रास सुरू होत असेल, तर टॉवरची बॅटरी संपतेय. ते लिहा, कारण त्याचा उपाय वेगळ्या माणसाकडे असतो.

तक्रार, मग अपील

तक्रारीसाठी 198 हा नंबर आहे आणि तो मोफत आहे. 121 माहितीसाठी आहे, तिथे तक्रार केली तर ती नीट नोंदली जाईलच असं नाही. 198 वर बोलताना "नेटवर्क खराब आहे" म्हणायचं नाही. अण्णांनी दुसऱ्या वेळी हे वाचून दाखवलं:

"अक्कलकोट रोड एमआयडीसी, अमुक प्लॉटच्या फाटकाबाहेर, उघड्यावर, सिग्नल उणे ९२ असताना, संध्याकाळी सात ते आठच्या दरम्यान दहापैकी चार कॉल तुटले. तारखा आणि वेळा माझ्याकडे आहेत. दोन वेगळ्या फोनवर तपासलं. या ठिकाणच्या सेलचा गर्दीच्या तासाचा ड्रॉप तपासून मला कळवा."

शेवटचं वाक्य मुद्दाम आहे. त्यात दिवसाचा नव्हे तर तासाचा, आणि सर्कलचा नव्हे तर सेलचा आकडा मागितला आहे. उत्तर देणाऱ्याला सर्कलच्या निकषाआड जाता येत नाही. तक्रार झाली की मेसेजवर डॉकेट क्रमांक येतो. तो आल्याशिवाय फोन ठेवू नका आणि मेसेज पुसू नका.

ही तक्रारही तीन दिवसांत बंद झाली, त्याच साचेबद्ध मेसेजने. बहुतेक लोक इथे सोडून देतात. पण खरी सुनावणी इथून पुढे आहे. २०१२ च्या तक्रार निवारण नियमांनुसार प्रत्येक कंपनीला अपील अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीचं उत्तर समाधानकारक नसेल, किंवा मुदतीत आलंच नाही, तर तीस दिवसांत त्याच्याकडे अपील करता येतं. फी नाही, वकील नको, ईमेल किंवा पत्र चालतं. निकाल एकोणचाळीस दिवसांत द्यावा लागतो. अपील सल्लागार समितीसमोर जातं, आणि त्यात ग्राहक संघटनेचाही एक सदस्य असतो. अपील अधिकाऱ्याचा पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर असतो, पण खूप खाली, म्हणून चिकाटीने शोधा.

अण्णांनी ईमेलमध्ये वहीच्या पानांचे फोटो, चाचणी कॉलची यादी, सिग्नलचे स्क्रीनशॉट आणि दोन्ही डॉकेट क्रमांक जोडले. मजकूर एका पानाचा. त्यात एकच मागणी: जागेवर येऊन तपासा.

तिसऱ्या आठवड्यात एक तरुण इंजिनिअर लॅपटॉप घेऊन फाटकाशी आला. त्याने सात वाजता चाचणी लावली आणि पंधरा मिनिटांत कारण सापडलं. लांबच्या एका टॉवरचा सेल गरजेपेक्षा जास्त दूर पोचत होता आणि जवळच्या सेलशी इथेच बरोबरी करत होता. फोन एका जागी उभा असूनही कॉल या सेलवरून त्या सेलवर उड्या मारत होता, आणि त्यातली एखादी उडी फसली की तुटत होता. संध्याकाळी दोन्ही सेलवर गर्दी वाढली की फसण्याचं प्रमाण वाढायचं. लांबच्या अँटेनाचा कल काही अंश खाली केला, आणि फाटकाजवळचे कॉल सुधारले. मला त्या पोराचं कौतुक वाटलं, कारण हे सर्कलच्या तक्त्यात बघून कधीच सापडलं नसतं. दोन्ही सेल दिवसाच्या हिशेबात पास होते.

पत्र्याच्या आतला त्रास तसाच राहिला. तिथे कारखान्याच्या वायफायवर फोनमधलं वायफाय कॉलिंग चालू केलं. सेटिंगमधला एक स्विच आहे, पैसे वेगळे लागत नाहीत. आतले बहुतेक कॉल आता त्यावरून जातात.

अपिलानंतरही काही झालं नाही तर

ट्रायकडे थेट तक्रार पाठवणारे पुष्कळ आहेत. ट्राय एकेका ग्राहकाच्या भांडणाचा निवाडा करत नाही, ती तक्रार कंपनीकडे पाठवून देते. त्याऐवजी `pgportal.gov.in` वर दूरसंचार विभाग निवडून तक्रार टाका. तिथे आधीच्या तक्रारीचा आणि अपिलाचा क्रमांक विचारतात, म्हणून वरच्या पायऱ्या टाळून चालत नाही.

ग्राहक आयोगाचा दरवाजाही उघडा आहे. टेलिफोनच्या वादात ग्राहक न्यायालयात जाता येत नाही असा समज बरीच वर्षं होता. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं की जाता येतं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे सोलापूरच्या माणसाला सोलापुरातच. पण तिथे "निकष मोडले" हे सिद्ध करण्याच्या मागे लागू नका, तो आकडा सर्कलचा आणि कंपनीच्या हातातला आहे. तुम्ही दाखवायचं ते सेवेतली त्रुटी: सांगून, जागा दाखवून, पुरावे देऊनही तपासलं नाही. त्यासाठी वही आणि अपिलाचं उत्तर पुरतं.

नंबर दुसऱ्या कंपनीकडे न्यायचा असेल, तर आधी त्या कंपनीचं सिम असलेल्या कोणाला तरी त्याच जागी, त्याच वेळी उभं करून दहा कॉल करून बघा. एकाच टॉवरवर दोन-तीन कंपन्यांचे अँटेना असतात, त्यामुळे टॉवरची वीज जाण्याचा त्रास कंपनी बदलून जात नाही. अँटेनाच्या दिशेचा किंवा गर्दीचा त्रास मात्र जाऊ शकतो. अण्णांनी ही चाचणीही केली होती. दुसऱ्या कंपनीचे दहापैकी तीन तुटले, म्हणून ते होते तिथेच थांबले.